लंगडणाऱ्या वासराची बेंबी पाहा

पारोळा तालुक्यातल्या एका गावी घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. श्रावणाचे दिवस होते. एका आबांनी मला वासरू पाहायला बोलावले. संकरित गायीची तेरा दिवसांची कालवड होती ती. पुढचा डावा पाय टेकवत नव्हती, गुडघा चांगलाच सुजला होता. आबा म्हणाले, “डॉक्टर, रातले गायना पाय पडना व्हई.” म्हणजे रात्री गायीचा पाय पडला असेल. तीन दिवस ते मिठाच्या गरम पाण्याने शेकत होते. सूज मात्र वाढतच होती.

मी गुडघ्याला हात लावला, तर तो तापलेला. थर्मामीटर लावला, ताप 104 अंश. मग कालवडीला आडवे करून पोटाखाली पाहिले. बेंबी अंगठ्याएवढी जाड झाली होती, दाबताच कालवडीने पाय झाडले आणि पिवळसर पू आला. गायीचा पाय कुठेच पडला नव्हता. दुखणे बेंबीतून शिरले होते आणि गुडघ्यात जाऊन बसले होते.

मग मी जन्मापासूनची हकीकत विचारली. गाय रात्री एकच्या सुमारास व्यायली. नाळ आपोआप तुटली, तिच्यावर चुलीतली राख लावली. जार पडायला सकाळचे दहा वाजले, तोवर वासराला चीक पाजला नाही, कारण जार पडण्याआधी चीक पाजू नये असे घरात सगळे मानत. चौथ्या दिवशी बेंबी ओली दिसली, माश्या बसत होत्या, म्हणून हळदीचा लेप दिला. दहाव्या दिवशी कालवड लंगडायला लागली. या हकीकतीत तीन जागा अशा आहेत, की जिथे हे दुखणे थांबवता आले असते. आज त्या तीन जागांबद्दलच बोलायचे आहे.

आधी नाळ म्हणजे काय ते पाहू. गायीच्या पोटात असताना वासराचे सगळे पोषण नाळेतून होते. तिच्यात रक्ताच्या दोन धमन्या, शीर आणि लघवीची एक नळी असते. वासरू जन्मले आणि नाळ ताणून तुटली, की धमन्या आणि लघवीची नळी रबरासारख्या आखडून पोटात ओढल्या जातात. शीर मात्र तशी आत जात नाही. ती बाहेरच्या तुकड्यात ओलीच राहते आणि तिचे दुसरे टोक थेट यकृताला जाऊन मिळते. नाळ सुकेपर्यंतचे हे चार-पाच दिवस म्हणजे गोठ्यातल्या शेणामुतापासून वासराच्या रक्तापर्यंत उघडा रस्ता असतो. जंतू त्या रस्त्याने आत शिरतात, यकृतात जातात, रक्तात मिसळतात आणि जिथे रक्त हळू वाहते अशा ठिकाणी, म्हणजे बहुधा सांध्यांमध्ये, ठाण मांडतात. म्हणून बेंबीचे दुखणे आधी आणि सांध्याचे नंतर, साधारण पहिल्या तीन आठवड्यांत दिसते. लंगडणे दिसते तेव्हा बेंबीची गोष्ट घरात विसरलेली असते.

आता पहिली जागा. राख, माती, शेण किंवा हळद नाळेला लावू नका. राखेने नाळ वरून कोरडी दिसते, पण राखेबरोबर चुलीजवळची मातीही येते. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, त्यांना ही ओली जखम फार सोयीची. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणून ठेवा. आपल्याकडे सहसा 2 टक्क्यांचे मिळते. काही देशांत 7 टक्क्यांचे वापरतात, पण साध्या टिंक्चरनेही काम होते, फक्त ते नीट आणि वारंवार लावावे लागते. ते नसेल तर पोव्हिडोन आयोडीन चालते. टिंक्चरमध्ये स्पिरिट असते, त्याने नाळ लवकर सुकते, म्हणून मी ते आधी सुचवतो. गायीच्या सडांना लावायचे ग्लिसरीन मिसळलेले औषध मात्र नाळेला वापरू नका. सड मऊ राहावेत म्हणून ते बनवलेले असते आणि नाळेला तर सुकवायचे असते.

पद्धत अशी. वासरू जन्मले, नाका-तोंडातला चिकटा काढला, गायीने ते चाटायला घेतले, की अर्ध्या तासाच्या आत नाळेकडे वळा. हात साबणाने धुवा. नाळ आपोआप तुटली असेल आणि रक्त थांबले असेल, तर ती बांधू नका, तिच्यातले पाणी गळून जाऊ द्या. रक्त वाहत असेल किंवा नाळ जमिनीला घासण्याइतकी लांब असेल, तरच उकळलेल्या किंवा टिंक्चरमध्ये भिजवलेल्या दोऱ्याने पोटापासून दोन बोटे अंतरावर बांधा आणि गाठीखाली नव्या ब्लेडने कापा. नंतर रुंद तोंडाच्या लहान डबीत किंवा औषधाच्या कपात 25-30 मिली टिंक्चर घ्या. त्यात नाळेचा पूर्ण तुकडा बुडवा आणि डबीचे तोंड पोटाच्या कातडीला टेकवून अर्धा मिनिट धरा. नाळ कातडीला जिथे जुळते ती जागाही भिजली पाहिजे. बाटलीतून दोन थेंब टाकले किंवा फवारा मारला, तर पुढची बाजू भिजते आणि मागची कोरडी राहते. तिथूनच जंतू शिरतात.

बारा तासांनी पुन्हा बुडवा आणि नंतर नाळ पूर्ण वाळेपर्यंत रोज एकदा. बहुतेक वासरांत तीन-चार दिवसांत काम संपते. डबीत उरलेले टिंक्चर दुसऱ्या वासराला वापरू नका आणि बाटलीतही परत ओतू नका. शेण-रक्त मिसळलेल्या आयोडीनची ताकद जाते. बाटलीचे बूच घट्ट लावा आणि ती गोठ्याच्या खिडकीत नको, घरात अंधाऱ्या जागी ठेवा. आपल्या खान्देशातल्या उन्हात आयोडीन उडून जायला वेळ लागत नाही.

पण टिंक्चर लावले आणि वासराला ओल्या गोठ्यात बांधले, तर उपयोग थोडाच. आपल्याकडे बऱ्याच म्हशी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत वितात, तेव्हाच गोठ्यात चिखल आणि माश्या असतात. वासरू असो की पारडू, त्याच्याखाली कोरडा कडबा, पाचट किंवा रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पाने टाका आणि ओली झाली की बदला. दोन वासरे एकमेकांची बेंबी चोखत असतील तर वेगळी बांधा. ओल्या बेंबीवर माशीने अंडी घातली तर आत अळ्या पडतात. अशा वेळी घरात टर्पेंटाईनचे बोळे कोंबू नका, डॉक्टरांकडून अळ्या काढून घ्या.

दुसरी जागा चिकाची. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढणारी काही द्रव्ये मिळतात, वासराला ती तशी मिळत नाहीत. ती सगळी चिकातून यावी लागतात आणि वासराचे आतडे ती फार थोडा वेळ घेऊ शकते. पहिल्या सहा तासांत चांगली, पुढे कमी, चोवीस तासांनंतर जवळजवळ नाहीच. आबांच्या कालवडीचे पहिले नऊ तास रिकामे गेले. तिच्या रक्तात शिपाईच नव्हते, मग बेंबीतून आलेल्या जंतूंना अडवणार कोण? वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक द्या, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला सहा तासांच्या आत. चीक पाजल्याने जार अडकत नाही. उलट वासरू सड ओढते तेव्हा गायीची गर्भपिशवी आकुंचन पावते आणि जार पडायला मदतच होते.

तिसरी जागा रोजच्या पाहणीची. पहिले तीन आठवडे रोज सकाळी, चारा टाकायला जाल तेव्हा दोन मिनिटे काढा. पहिल्या दिवशी नाळ ओली आणि गुलाबी-पांढरी असते, दुसऱ्या दिवशी सुरकुतते, चौथ्या-पाचव्या दिवशी काळ्या वाळलेल्या दोरीसारखी होते आणि पुढे गळून पडते. आठवड्यानंतरही ती ओली असेल, वास येत असेल, बोटापेक्षा जाड आणि गरम लागत असेल, हात लावताच वासरू पाठ कमानीसारखी उचलत असेल, तर बेंबी पिकते आहे असे समजा. आता वरून टिंक्चर लावून भागणार नाही, कारण दुखणे आत गेलेले असते.

मग सांधे पाहा. पुढचे दोन्ही गुडघे, मागच्या पायांचे मधले सांधे आणि खुरांच्या वरचे सांधे, डावा-उजवा असे जोडीने दोन्ही हातांनी चाचपा. एक दुसऱ्यापेक्षा गरम किंवा पाणी भरल्यासारखा लागला, तर तो पहिला इशारा. त्याच्याही आधी वासरू उठायला वेळ लावते, उठल्यावर अंग ताणत नाही, आचळाला लागते पण लवकर सोडून बसून राहते. ताप 103 च्या वर गेलेला असतो. मार लागलेला पाय सहसा एकच असतो आणि दोन-तीन दिवसांत हलका पडतो. सांध्यातला संसर्ग दिवसागणिक वाढतो, पुष्कळदा दुसऱ्या सांध्यातही उतरतो, कधी डोळा पांढुरका होतो. तीन आठवड्यांच्या आतले वासरू लंगडले, तर पाय पडला असे म्हणण्याआधी त्याची बेंबी पाहा.

अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. एक-दोन दिवसांत उपचार सुरू झाला तर सांधा वाचण्याची आशा असते. आठवडा गेला की सांध्यात घट्ट पू साचतो, हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण झिजते आणि ते परत येत नाही. इंजेक्शने अनेक दिवस, कधी दोन आठवडेही द्यावी लागतात. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून थांबवले तर दुखणे दबते, जात नाही.

एक सावधगिरी मात्र जरूर ठेवा. बेंबीवर फुगवटा दिसला म्हणून गळू समजून ब्लेडने फोडू नका. काही वासरांच्या बेंबीला जन्मतःच छिद्र राहते आणि त्यातून आतडे खाली येते, त्याला हर्निया म्हणतात. तो फुगवटा मऊ असतो, गरम नसतो, वासरू आडवे केले की सहसा आत जातो. गळू गरम, दुखरे असते आणि आत जात नाही. पण दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आबांच्या कालवडीच्या गुडघ्यातले घाण पाणी मी सुईने काढले, निर्जंतुक सलाईनने सांधा दोनदा धुतला आणि बारा दिवस इंजेक्शने दिली. ती जगली, पण गुडघा पूर्ण वळला नाही. कळपात सगळ्यात मागे चालते ती. पुढच्या वर्षी त्याच गायीला गोऱ्हा झाला, तेव्हा आबांच्या घरात टिंक्चरची बाटली आणि एक झाकणाची डबी तयार होती. चीक तासाभरात पाजला गेला, जार त्यानंतर पडला. पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा नाळ वाळली होती. आबा गोऱ्ह्याचे गुडघे दोन्ही हातांनी चाचपत बसले होते. मला पाहून म्हणाले, “दोन्ही सारखे शेतस.”