आकडा नसलेला उभा पट्टा

राणीसावरगावच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: धरणांच्या क्षमतेचा आलेख छापून येतो, पण आकडा एकदोन पट्ट्यांवरच असतो. बाकीच्यांचा कसा काढायचा?

आधी हे पट्टे आले कुठून ते सांगायला हवे. जेम्स वॅटकडे यंत्रांची रेखाचित्रे काढणाऱ्या विल्यम प्लेफेअरने 1786 साली व्यापाराचे आलेख छापले. बाकी देशांची वर्षानुवर्षांची आकडेवारी होती, म्हणून त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची मिळाली. मग देशागणिक पट्टे काढले आणि हा आलेख कमी प्रतीचा आहे असे स्वतःच लिहून टाकले. आज तोच घरोघरी पोहोचला आहे!

आता मोजमाप. समजा, उपयुक्त साठ्याच्या क्षमतेच्या आलेखात जायकवाडीवर 2171 दलघमी लिहिले आहे आणि पट्टी लावल्यावर उंची 87 मिमी भरली. म्हणजे 1 मिमीला 24.95 दलघमी. येलदरीचा पट्टा 32.5 मिमी असेल तर उत्तर येते 811. येलदरीची खरी क्षमता जवळपास 810 आहे. पट्टी वाचताना अर्धा मिमी सहज इकडेतिकडे होतो, म्हणजे 12 दलघमीची चूक. म्हणून 'सुमारे 800 ते 825' एवढेच म्हणावे, दशांश लिहू नयेत.

हे सगळे तळ शून्यावर आहे असे धरून झाले. खरी फसगत तिथेच होते. जागा वाचवायला पट्टे 200 पासून सुरू केले, तर जायकवाडी तेवढीच 87 मिमी दिसेल, पण येलदरी 27 वर येईल. जुन्या हिशेबाने उत्तर 674, म्हणजे 136 दलघमी गायब!

सुटका दुसऱ्या आकड्याने होते. माजलगावच्या 5 मिमी पट्ट्यावर 312 लिहिले आहे. उंचीतला फरक 82 मिमी, आकड्यांतला 1859, म्हणजे 1 मिमीला 22.7 दलघमी. येलदरी माजलगावपेक्षा 22 मिमी उंच, म्हणून 312 मध्ये सुमारे 499 मिळवा. पुन्हा 811. शिवाय माजलगावच्या 5 मिमीला 22.7 ने गुणले तर 113 येतात, 312 नाही. उरलेले सुमारे 200 तळाखाली दडलेले आहेत, हेही त्यातूनच कळते.

तिसरा आकडा छापलेला असेल तर तो पडताळणीसाठी राखून ठेवावा. तो जुळला नाही, तर शीर्षक पुन्हा वाचावे. जायकवाडीचा मृतसाठा धरला की 2171 चे 2909 होतात, आणि एकाच चित्रात एका धरणाचा एकूण साठा, दुसऱ्याचा उपयुक्त साठा असे मिसळले गेले असेल, तर कोणतीही पट्टी कामाला येत नाही.

पट्ट्यांऐवजी पाण्याचे थेंब काढले असतील, तर मी उंची मोजायच्या भरीस पडत नाही. थेंब दुप्पट उंच केला की कागदावरची जागा चौपट होते, आणि चित्रकाराने यातले कोणते माप धरले हे किमान दोन आकड्यांशिवाय ठरवता येत नाही.