उकळणं, मंद शिजवणं आणि पोच करणं : एका पातेल्याचे तीन फंडे

रविवारी रात्री मेस बंद असते आणि मग हर्सूलमधल्या प्रत्येक रूमवर एक 'कुक' जन्माला येतो. पातेलं, पाणी, पाच किलोचं छोटं सिलिंडर आणि फुल गॅस! बहुतेकांचा समज असा, की पाणी जितकं जोरात खळखळेल तितकं अन्न लवकर शिजेल. इथेच सगळा घोटाळा आहे. ज्यांनी आयुष्यात फक्त मॅगी केली आहे, त्यांच्यासाठी हे हँडआउट.

आधी थोडं थर्मोडायनॅमिक्स

समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं, हे आपण शाळेत घोकलं. पण आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं अधिक उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. एकदा उकळी फुटली की गॅस कितीही मोठा करा, तापमान ९८ च्या वर जात नाही. जास्तीची उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात.

हिशोब बघा. एक लीटर पाणी २८ वरून ९८ अंशांवर न्यायला साधारण २९५ किलोज्यूल लागतात. तेच सगळं पाणी वाफ करून उडवायला सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे पावणेआठ पट! फुल गॅसवर खळखळणारं पातेलं म्हणजे सिलिंडरचे पैसे खिडकीतून बाहेर सोडणं. एकदा उकळी आली की गॅस बारीक केला तरी अन्न जवळपास तेवढ्याच वेळात शिजतं.

थर्मामीटर नाही, मग ओळखायचं कसं?

डोळ्यांनी. पाणी तापायला लागलं की आधी तळाशी बारीक बुडबुडे चिकटतात. ती उकळी नव्हे, ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. नवशिके इथेच फसतात.

पोच : साधारण ७० ते ८२ अंश. तळाशी बुडबुडे दिसतात पण वर येऊन फुटत नाहीत. पाण्यावर वाफेचे धागे, पृष्ठभाग जवळजवळ शांत.

मंद शिजणं : साधारण ८५ ते ९५ अंश. एक-दोन जागांवरून बारीक बुडबुडे वर येतात, पाणी नुसतं थरथरतं.

उकळणं : ९८ अंश. मोठे बुडबुडे, सगळीकडून, आणि चमच्याने ढवळलं तरी थांबत नाहीत. आपल्या आया याला 'आधण आलं' म्हणतात.

लक्षात घ्या, या तिघांत फरक फक्त तापमानाचा नाही. पाण्याच्या हालचालीचाही आहे. खळखळतं पाणी आतल्या वस्तूला अक्षरशः आपटतं.

उकळणं आणि मंद शिजवणं एकाच डिशमध्ये : शेंगोळे

मराठवाड्यातल्या घरात थंडीत होणारे हुलग्याचे शेंगोळे हे याचं बेस्ट उदाहरण. हुलग्याच्या पिठात थोडी कणीक, लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं. त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करून टोकं जोडायची. लसणाच्या फोडणीत पाणी ओतून त्याला आधण आणायचं आणि एकेक शेंगोळा सोडायचा.

इथे खळखळती उकळी हवीच. कडक पाण्यात पडल्याबरोबर बाहेरच्या थरातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि शेंगोळ्याला जणू कातडी येते. पाणी नुसतं गरम असेल तर कातडी धरायच्या आधीच पीठ सुटतं आणि शेंगोळे एकमेकांना चिकटतात. सगळे एकदम टाकले तरी तेच, कारण पाण्याचं तापमान खाली येतं. सोडल्यावर दोन-तीन मिनिटं डाव घालायचा नाही.

कातडी धरली की मात्र गॅस बारीक. आता आतला भाग शिजायचा आहे, आणि उष्णता पिठातून आत सरकते ती तिच्या स्वतःच्या चालीने. बाहेर धिंगाणा घालून ती चाल वाढत नाही, उलट शेंगोळे तुटून पातेल्यात पिठलं तयार होतं. पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर ठेवा. एक शेंगोळा मोडून बघा : मध्ये कोरडं, फिकट पीठ दिसलं तर अजून पाच मिनिटं.

पोच : अंड्याची रेस

कवचातलं अंडं उकळलेलं चालतं, कारण कवच त्याला सांभाळतं. (फार वेळ उकळलं तर पिवळ्याभोवती हिरवट कडं येतं, ते पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांची रिअॅक्शन.) पण अंडं फोडून पाण्यात सोडायचं असेल तर खळखळतं पाणी त्याच्या चिंध्या करतं.

पांढरा भाग साधारण ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतो, पण त्यातलं मुख्य प्रोटीन ८० च्या आसपास धरतं. पिवळा भाग ६५ ते ७० मध्येच घट्ट होतो. म्हणजे ही रेस आहे : बाहेरचं पांढरं ८० ला पोचलं पाहिजे आणि तोपर्यंत आतलं पिवळं ६५ च्या खाली राहिलं पाहिजे. म्हणून शांत पाणी आणि मोजका वेळ.

दोन अंड्यांसाठी असं करा :

१. एक लीटर पाण्याला उकळी आणा. चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. आंबटपणामुळे पांढरं लवकर धरतं.

२. अंडं चहाच्या स्वच्छ गाळणीत फोडा. पातळ पाण्यासारखं पांढरं गळून जाऊ द्या, कारण पाण्यात धागे होतात ते त्याचेच. उरलेलं वाटीत घ्या. अंडं शिळं असेल तर बरंच गळून जाईल. ते पोचला घेऊ नका.

३. गॅस बंद करा. अर्धा मिनिट थांबून पाणी शांत होऊ द्या. वाटी पाण्याला टेकवून अंडं हळूच सोडा.

४. झाकण ठेवा. चार मिनिटांनी झाऱ्याने उचला. पांढरं दाबल्यावर मऊ पण घट्ट, आणि पिवळं डुगडुगतं पाहिजे. पांढरं अजून काचेसारखं दिसत असेल तर आणखी एक मिनिट.

इथे गॅस बंद आहे, तरी अंडं शिजतं! साठलेली उष्णताच काम करते. म्हणूनच पाणी एक लीटर हवं. कपभर पाण्यात दोन अंडी सोडली तर ते लगेच गार होतं आणि पांढरं कच्चं राहतं.

एक मर्यादा. पातळ पिवळं म्हणजे पूर्ण न शिजलेलं अंडं, त्यात साल्मोनेला जिवंत राहू शकतो. रूममध्ये कुणी आजारी असेल किंवा अंड्याला आधीच तडा असेल तर पोचच्या फंदात पडू नका. त्याऐवजी रस्सा करा, मंद आचेवर थरथरत असताना त्यात अंडी फोडून सोडा, न ढवळता झाकण ठेवा आणि सात-आठ मिनिटांनी पिवळं पूर्ण घट्ट झालंय का ते चमच्याने दाबून बघा. फोडलेल्या अंड्यांची ही आमटी आपल्याकडे आधीपासून होतेच. फक्त तिला कुणी 'पोच' म्हणत नाही, एवढंच!

मग फुल गॅस कधी?

आधण आणेपर्यंत, नूडल्स एकमेकांना चिकटू नयेत म्हणून, आणि पातळ झालेला रस्सा आटवायचा असेल तेव्हा. बाकी वेळी नॉब डावी-उजवीकडे न फिरवता पाण्याकडे बघा. बुडबुडे कुठे फुटतायत ते सांगतील, तुम्ही कुठल्या तापमानावर आहात.