सहाच्या आत

सकाळी ६.१०. सदाशिव पेठेतली अभ्यासिका. महिना नऊशे रुपये, पंखा धरून. माझी भाची एलएलएम करते. प्रबंधाला मार्गदर्शक व्हा, असं विनवणारं पत्र तिला आज संध्याकाळी सहापर्यंत एका प्राध्यापक मॅडमना पाठवायचं आहे. पत्र इंग्रजीत जाणार, पण कच्चा खर्डा ती मराठीत लिहिते. मराठीत लिहिलं की कुठे नुसतेच मोठे शब्द आहेत ते दिसतं, म्हणते.

७.३०. पहिली ओळ खोडली. ‘भारताच्या गुंतवणूक करारांतील सुधारणा’ हा विषय नव्हे, कपाट झालं. २०१५ साली भारताने नमुना करार बदलला, पुढे पन्नासहून जास्त देशांना जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. एका प्रबंधात हे मावत नाही.

८.१५. चहा, बारा रुपये. मी विचारलं, “मग नेमकं काय धरणार?”

“व्हाइट इंडस्ट्रीज, मामा.”

ऑस्ट्रेलियाची ही कंपनी. पिपरवारच्या कोळसा खाणीवरून तिचं कोल इंडियाशी वाजलं. २००२ साली लवादाचा निवाडा तिच्या बाजूने लागला. तो वसूल करायला ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली, तर कोल इंडिया तो रद्द करून घ्यायला कलकत्त्याच्या. निवाडा अडकून पडला. शेवटी कंपनीने भारत सरकारवरच करारान्वये दावा लावला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये जिंकली. भारत-ऑस्ट्रेलिया करारात ‘दावा चालवण्याची परिणामकारक साधनं’ हे कलम नव्हतं. ते भारत-कुवेत करारातलं. ‘इतर देशांना दिलं ते आम्हालाही’ या कलमावरून ऑस्ट्रेलियाच्या कंपनीने ते उचललं. न्याय नाकारला, असं लवादाने म्हटलं नाही. उशीर फार झाला, एवढंच म्हटलं. तेवढ्यावर चाळीस लाखांहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर आणि वर व्याज देणं आलं.

सकाळी १०.४०. वकिलांचं ऑफिस. ती इथे ज्युनिअर आहे, महिना सात हजार. दुपारपर्यंत तारखांची डायरी, झेरॉक्स, शपथपत्रांना पानांचे आकडे. एका फाइलची पुढची तारीख लिहिताना ती थांबली. मागची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. तिने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी टिपून घेतलं.

दुपारी १.२०. डबा. पोळी, मटकीची उसळ. शेजारी दोन करारांच्या प्रिंट, एका पानाला दोन रुपये. २०१५चा नमुना सांगतो : परकी गुंतवणूकदाराने आधी इथल्या न्यायालयात जावं, किमान पाच वर्षं इथले उपाय करून पाहावेत, मगच आंतरराष्ट्रीय लवाद. २०२४च्या संयुक्त अरब अमिरातींबरोबरच्या करारात ही पाच वर्षं तीनवर आली. तिने तीनच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला. प्रश्न तिथेच सापडला : तीन वर्षांत इथे निकाल लागतो का?

२.०५. कसं मोजणार? लवादाचा निवाडा रद्द करण्याच्या अर्जांना ‘कलम ३४चे अर्ज’ म्हणतात. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ते एका वर्षात निकाली काढावेत, असं २०१५च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. पुण्याच्या व्यापारी न्यायालयातले असे अर्ज घ्यायचे, दाखल झाल्याची आणि निकालाची तारीख लिहायची, मधले दिवस मोजायचे. जे अजून चालूच आहेत तेही मोजायचे. नुसते निकाली निघालेले घेतले तर सगळ्यात रेंगाळलेले बाहेर राहतात आणि सरासरी खोटी गोड दिसते. हे तिला ऑफिसातल्या त्या डायरीने शिकवलं.

३.३०. अडचण आली. परक्या कंपनीचं भांडण बहुधा सरकारच्या निर्णयाशी असतं, आणि ते बरेचदा रिट म्हणून उच्च न्यायालयात जातं. कलम ३४चा अर्ज म्हणजे ते भांडण नव्हे. मॅडम हेच पहिलं विचारणार. तिने मला न विचारता पत्रातच लिहून टाकलं : ‘माझं मोजमाप सगळ्या उशिराचं नाही. व्हाइट इंडस्ट्रीज ज्या प्रकारच्या उशिरात अडकली, फक्त त्याचं आहे.’ माझ्या मते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात भक्कम वाक्य हेच.

४.४५. आणखी एक चूक पकडली. ‘जुने करार संपले, आता त्यांवर दावे येणार नाहीत’ असं लिहिलं होतं. पण बऱ्याच जुन्या करारांत शेपूट-कलम आहे. करार संपण्याआधी आलेल्या गुंतवणुकीला पुढेही दहा-पंधरा वर्षं संरक्षण राहतं. ओळ काढली.

५.२०. पत्र दीड पानाचं झालं. मॅडमची स्तुती नाही, स्वतःची जुजबी ओळख. शेवटी फक्त मागणं : वीस मिनिटांची भेट, आणि वीस खटल्यांचा तक्ता तपासायला पाठवण्याची परवानगी.

५.४८. पाठवलं. तक्त्यात सध्या अकरा खटले भरलेत. उरलेले नऊ ती उद्या ऑफिसच्या आधी भरणार आहे.