बीजीएमआयची टीम मिळाली? आता हिशेब बघा

ट्रायलला पोरं किल मोजत जातात. टीम मात्र स्क्रिममध्ये वेगळंच बघते: नॉक झाल्यावर तुम्ही चिडता, की शत्रू कुठे आहे ते सांगता? म्हणून टीडीएम रोज तासभर पुरे. उरलेला वेळ स्क्रिम खेळा आणि तिचं रेकॉर्डिंग बघा (कंटाळवाणं आहे, पण चुका तिथेच सापडतात).

आता टीम चालवणाऱ्या संस्थेशी होणारा करार. समजा, ४०,००० रुपये जिंकलात. ३० टक्के टीडीएस गेला, राहिले २८,०००. त्यावर संस्थेचे २० टक्के म्हणजे ५,६००. उरलेले चौघांत वाटले की प्रत्येकी ५,६००. पण तेच २० टक्के टीडीएसआधीच्या रकमेवर लिहिले असतील, तर संस्थेला ८,००० आणि तुम्हाला ५,०००! बक्षीस बहुधा आधी संस्थेच्या खात्यात येतं, तेव्हा ते किती दिवसांत द्यायचं हेही लिहून घ्या.