पाटण की फलटण?

आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. हा लेख ज्यांच्यामुळे लिहिते आहे ते सातारा जिल्ह्यातले असेच एक मास्तर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांना 2013 साली औषधांना दाद न देणारा टीबी झाला. तेव्हाच्या उपचारात कॅनामायसीनची इंजेक्शनं कित्येक महिने घ्यावी लागत. टीबी बरा झाला, पण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून कान जायला लागले. हे औषध आतल्या कानातल्या शंखाकृती नळीतल्या, म्हणजे कॉक्लिआतल्या केसपेशी मारतं आणि सुरुवात करतं ती उंच आवाज टिपणाऱ्या टोकाकडून. त्यामुळे पहिल्यांदा स, श, त, क अशी व्यंजनं जातात. माणूस म्हणत राहतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." पुढे आवाजही गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत कॅनामायसीन वगळायला सांगितलं, पण मास्तरांच्या कानांना त्याचा उपयोग नव्हता. कंडक्टरकी सुटली आणि डेपोत बसून करायचं काम मिळालं.

एक मशीन घेण्याइतकेच पैसे होते, म्हणून ते डाव्या कानाला लागलं. उजवा कान नऊ वर्षं तसाच राहिला. यात नवल काही नाही. आपल्याकडे बहुतेक जण एकाच कानाचं मशीन घेतात आणि दुसरा कान विसरून जातात.

मी ऑडिओलॉजिस्ट. ते माझ्याकडे आले ते मास्कमुळे. तोवर घरच्यांची समजूत अशी, की बाबांना मशीन लावल्यावर जवळजवळ सगळं कळतं. 2020 मध्ये सगळ्यांची तोंडं झाकली गेली आणि बाबा ओठ वाचत होते हे उघड झालं. मुलगी म्हणाली, "मॅडम, मास्क लावला की बाबा एकदम भिंत होतात."

मोठ्यांच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार इथूनच सुरू होतो, आणि नेमका इथेच तो चुकतो. माणूस किती बहिरा आहे हे आपण ऑडिओग्रामच्या आलेखावरून ठरवतो. मास्तरांचा उजवा कान 105 डेसिबलला आणि डावा 95 ला प्रतिसाद देत होता. नव्वदच्या पुढे अतितीव्र बहिरेपण धरतात, म्हणजे नेहमीच्या बोलण्याचा त्यांना पत्ताही लागत नव्हता. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. खरा प्रश्न असा, की चांगलं बसवलेलं मशीन लावून, समोरच्याचं तोंड न पाहता, या माणसाला किती शब्द कळतात?

म्हणून आधी मशीन तपासावं लागतं. मास्तरांचा कानातला साचा ढिला झाला होता. त्यामुळे मशीन शिट्टी मारायचं, आणि शिट्टी नको म्हणून त्यांनी आवाज कमी करून ठेवला होता. नवा साचा केला, कानात बारीक नळी घालून पडद्यापाशी आवाज किती पोचतो ते मोजलं, मशीन पुन्हा सेट केलं आणि तीन महिने वापरायला दिलं. ही पायरी वगळून थेट ऑपरेशनचं बोलणारे भेटतात. मी त्यांच्याशी भांडते.

तीन महिन्यांनी ध्वनिरोधक खोलीत रेकॉर्ड केलेले पंचवीस शब्द नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात ऐकवले. डाव्या कानाला तीन कळले, उजव्याला एकही नाही. आता मात्र ऑपरेशनचं बोलण्यात अर्थ होता.

इम्प्लांटला पात्र ठरण्याचा हा उंबरठा गेल्या चाळीस वर्षांत बराच खाली आला आहे. 1978 साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट पहिल्यांदा बसवलं ते रॉड सॉन्डर्स या प्रौढ गृहस्थांना. मोटार अपघातात त्यांची श्रवणशक्ती पूर्ण गेली होती. कॉक्लिअर म्हणजे लहान मुलांचं ऑपरेशन अशी आपल्याकडची समजूत आहे, पण सुरुवात मोठ्यांपासून झाली. त्या काळी काहीच ऐकू न येणारा माणूसच पात्र ठरे. आज ब्रिटनमध्ये, 2019 च्या नियमांप्रमाणे, पाचपैकी किमान दोन ठरावीक स्वरांना 80 डेसिबलपलीकडचा कान आणि मशीन लावूनही शब्दांतले निम्म्याहून कमी ध्वनी ओळखता येणं एवढं पुरतं. अमेरिकेतल्या सरकारी मेडिकेअर विम्याने 2022 साली वाक्यं कळण्याची मर्यादा 40 टक्क्यांवरून 60 वर नेली, म्हणजे निम्मी वाक्यं कळणाऱ्यालाही दार उघडलं. आपल्याकडे नियमापेक्षा पैसा आड येतो. सरकारी मदत मुख्यतः मुलांसाठी आखलेली आहे, आणि मोठ्या माणसाला काही लाख उभे करावे लागतात. मास्तरांनी पीएफ काढला आणि मेहुण्याने हातभार लावला.

पात्रता ठरवताना आणखी दोन गोष्टी पाहतो. एक म्हणजे बहिरेपण भाषा येण्याआधीचं की नंतरचं. जन्मापासून न ऐकलेल्या चाळिशीच्या माणसाला इम्प्लांटने दाराची बेल, हॉर्न, कुणीतरी हाक मारली एवढं कळू शकतं, पण नुसतं ऐकून बोलणं समजेल याची आशा फारशी नसते. हे ऑपरेशनआधी सांगायला हवं आणि लिहूनही द्यायला हवं. मास्तर एक्केचाळीस वर्षं मराठी ऐकलेले होते. त्यांच्या मेंदूत शब्द साठवलेले होते, फक्त तिथे जाणारा रस्ता बंद झाला होता. दुसरी गोष्ट म्हणजे श्रवणाची नस आणि नळीचा पोकळपणा. सीटी आणि एमआरआय त्यासाठीच करतात. मेंदुज्वराने बहिरा झालेल्याची नळी काही महिन्यांत हाडाने भरू लागते, तिथे घाई करावी लागते. कॅनामायसीन प्रामुख्याने केसपेशी मारतं, नस बहुधा शाबूत राहते. मास्तरांचे दोन्ही स्कॅन स्वच्छ होते.

मग कान कुठला? सर्जन आणि मी या प्रश्नावर दोनदा बसलो. डावा कान सतत मशीनवर होता, म्हणजे मेंदूला त्या बाजूची सवय होती आणि तिथे निकाल लवकर दिसला असता. पण शंखात इलेक्ट्रोड गेला की उरलेलं ऐकणं जाण्याची शक्यता मोठी. डावा कान शब्दांना निरुपयोगी असला तरी आवाजाचा चढ-उतार थोडा पोचवत होता, आणि इम्प्लांट नेमकं तेच नीट देत नाही. उजवा कान नऊ वर्षं रिकामा होता. वीस-पंचवीस वर्षं झाली असती तर मी कचरले असते. उजवाच घेऊ असं ठरलं. पहिले काही महिने जड जातील हे मास्तरांना आधीच सांगितलं.

न्यूमोकोकसची लस आधी दिली, कारण इम्प्लांटनंतर मेंदुज्वराचा धोका थोडा वाढतो. ऑपरेशन अडीच तास चाललं. कानामागचं हाड कोरून वाट केली आणि शंखात बावीस इलेक्ट्रोडची तार सरकवली. निरोगी कॉक्लिआत साधारण साडेपंधरा हजार केसपेशी असतात आणि त्यांच्या जागी आता बावीस टोकं आली. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ या दोन आकड्यांत आहे.

चार आठवड्यांनी, जखम भरल्यावर, बाहेरचा प्रोसेसर लावून स्विच ऑन केलं. टीव्हीवर दाखवतात तसं कुणी रडलं नाही. मास्तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतंय. तुम्ही बोलताय का हे?" त्या दिवशीचं काम मॅपिंगचं. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती कमी विजेने आवाज जाणवतो आणि किती विजेपर्यंत तो सोसतो, ही दोन टोकं ठरवायची. सतराव्या इलेक्ट्रोडला वीज वाढवली की त्यांचा उजवा डोळा फडफडायचा. वीज चेहऱ्याच्या नसेकडे गळत होती. तो इलेक्ट्रोड बंद केला. एकवीस राहिले आणि त्याने काही बिघडलं नाही.

यानंतर घरचं काम. प्रोसेसर किती तास वापरला हे त्याच्या स्मृतीतच नोंदलं जातं. पहिल्या आठवड्याची नोंद होती दिवसाला तीन तास. "डोकं दुखतं," म्हणाले. पण नको वाटणारे तेच तास मेंदूला लागतात. दहा तासांवर यायला महिना गेला. रोज सकाळी बायको मागे उभी राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी म्हणायची आणि मास्तर परत म्हणून दाखवायचे. एखाद्या दिवशी 'स' गेला तर आधी मायक्रोफोनची जाळी आणि बॅटरी पाहायची, मग मला फोन. पावसाळ्यात असा फोन दोनदा आला आणि दोन्ही वेळा कारण ओल होतं. रात्री प्रोसेसर कोरड्या डबीत ठेवायचं राहिलं होतं.

सरावासाठी मी पुस्तक दिलं नाही, त्यांचाच जिल्हा दिला. पहिल्या आठवड्यात तीन गावं, वाई, सातारा, महाबळेश्वर. लांबीच इतकी वेगळी, की ठोके मोजले तरी उत्तर येतं. मग सारख्या लांबीची, मेढा, कराड, वडूज. इथे स्वर ऐकावा लागतो आणि स्वर इम्प्लांट बरे पोचवतं. दोन महिन्यांत मास्तर इथे पक्के झाले. गाडी अडली ती पाटण आणि फलटणवर. फ चा श्वास मंद, तो हातातून निसटायचा. ट आणि ण दोन्हीकडे तेच. मुलगी रोज वीस-वीसदा म्हणायची आणि मास्तर निम्म्या वेळा चुकायचे, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. मी त्यांना सुरुवात सोडून मधलं ऐकायला सांगितलं. पाटणमध्ये आ लांबतो आणि मग एक क्षण काहीच नसतं. फलटणमध्ये तिथे ल गुणगुणतो. तिसऱ्या आठवड्यात ते वीसपैकी सतरा वेळा बरोबर सांगू लागले.

या सरावात डावं मशीन रोज तासभर काढून ठेवायचं, हा नियम त्यांना सर्वांत जाचक वाटला. जुना कान सोबत असला की मेंदू नव्याकडे वळतच नाही.

ओठ वाचणं मात्र सोडायचं नव्हतं. पालक, बालक, मालक हे तीन शब्द आरशात म्हणून पाहा, ओठ तंतोतंत सारखे हलतात. मास्तर इतकी वर्षं इथेच फसत होते. म नाकातून येतो आणि ब घोष आहे हे फरक इम्प्लांट चांगलं पोचवतं. उलट पाट, ताट, खाट यांत एकवीस टोकांचा गोंधळ उडतो, आणि तिथे ओठ मिटले की नाही हे डोळ्यांना लगेच दिसतं. कान आणि डोळे एकमेकांची उणीव अशी भरून काढतात.

वर्षाने पुन्हा त्याच खोलीत पंचवीस शब्दांची चाचणी घेतली, यादी अर्थात वेगळी. एकटा उजवा कान पंधरा, दोन्ही मिळून अठरा. मागे गोंगाट लावल्यावर अठराचे आठ झाले. गाण्याचे शब्द कळतात, चाल कळत नाही. भजनी मंडळात जाणं त्यांनी पुन्हा सुरू केलं, पण टाळ वाजवायला. ताल चांगला कळतो.

कंडक्टरकी परत मिळाली नाही. चालत्या गाडीचं इंजिन, पन्नास माणसं आणि मागच्या सीटवरून आलेलं "एक फुल, एक हाफ" हे आठवाल्याचं काम नाही, आणि मीही तसं पत्र दिलं नाही. पासच्या खिडकीवर बसतात. काचेमुळे आवाज दबतो पण चेहरा दिसतो, म्हणून जमतं.

गेल्या तपासणीला येताना त्यांनी एक तक्रार आणली होती. स्टँडवरच्या भोंग्यातलं काही म्हणजे काही कळत नाही, मॅप बदलून बघा. मी लॅपटॉप उघडायच्या आत शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, ते मलाही कधी कळलेलं नाही." मास्तर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "राहू द्या मग, मॅडम."