भाऊबीज झाल्यावर आलेली माळ

समजा, चाळीस फुटी एलईडी दिव्यांच्या दोन माळा मागवल्या. ‘१५ ऑक्टोबरपर्यंत मिळेल’ असं ऑर्डर देताना लिहिलं होतं. पार्सल आलं २४ तारखेला, म्हणजे २०२५ची भाऊबीज उलटून गेल्यावर. उघडलं तर एक माळ अर्ध्यापुढे पेटत नाही आणि दुसरीची वायर प्लगजवळ सोललेली, आतली तांब्याची तार उघडी.

अशा वेळी बहुतेक जण ‘माल खराब निघाला, फार मनस्ताप झाला’ असं लिहून पाठवतात. विक्रेता मग ‘बदलून देतो’ म्हणतो. पण दिवाळी संपल्यावर बदलून आलेल्या माळेचं करायचं काय? म्हणून पत्रात बदली नको, पैसे हवेत, हे स्वच्छ लिहावं. आणि उशीर व नुकसान या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्याच मांडाव्यात. ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल सदोष असेल तर विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. सांगितलेल्या मुदतीनंतर आला तरीही तोच नियम. फक्त पूर, वादळ अशा हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर सूट आहे. त्यामुळे उशिराचं खापर त्याने अशा कारणावर फोडलं, तरी तुटलेल्या मालाची तक्रार उभीच राहते.

पत्र असं लिहिता येईल:

‘ऑर्डर क्रमांक अमुक, रक्कम ८९८ रुपये. १) माल १५ ऑक्टोबरपर्यंत देण्याचं आपण कळवलं होतं, तो २४ ऑक्टोबरला मिळाला. २) पहिल्या माळेचा अर्धा भाग पेटत नाही. दुसरीची वायर प्लगजवळ सोललेली असून ती लावणं धोक्याचं आहे. बदली माल नको. पूर्ण रक्कम परत करावी आणि पार्सल आपल्या खर्चाने न्यावं. तक्रारीचा क्रमांक कळवावा.’

सोबत फोटो हवेत: खोक्यावरचं लेबल, सोललेला भाग आणि मुदत दाखवणाऱ्या ऑर्डरच्या पानाची प्रत. न पेटणाऱ्या माळेचा छोटा व्हिडिओ काढावा. सोललेली माळ मात्र त्यासाठीही प्लगमध्ये घालू नये. घरातलं कुणीतरी हौसेने चिकटपट्टी लावायला बसतं, त्याला आधी थांबवावं. जीवाला धोका आहेच, शिवाय दुरुस्तीचा हात लागला की वायर मुळात कशी आली होती हे दाखवता येत नाही.

पत्र विक्रेत्याला आणि ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवावं. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथेही भागलं नाही, तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा. एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही.