शेवटचा एक लाख

तुमच्या-आमच्या अकाउंटला दर महिन्याला पगार पडतो. माझा कॉन्ट्रॅक्टर दोस्त मात्र काम संपल्यावरही वर्षभर स्वतःच्याच पैशांची वाट बघतो! परवा त्याच्या वहीत डोकावलो. बंगल्याचं टेंडर, फिक्स्ड प्राइस 20 लाख, खर्च 18. म्हणजे 2 लाख नफा? थांबा.

प्रत्येक बिलातून 10 टक्के रिटेन्शन कापणार. त्यातले अर्धे चावी देताना मिळणार, उरलेले 12 महिन्यांनी, गळती किंवा तडे निघाले नाहीत तर. स्लॅबचा टप्पा 5 लाखांचा. पण सळई, सिमेंट, सेंटरिंग, मजुरी यांत साडेचार लाख आधीच गेलेले. महिन्याने बिल पास होणार आणि हातात पडणार तेवढेच साडेचार!

ताबा दिला तरी एक लाख, म्हणजे निम्मा नफा, मालकाकडेच. उसन्या पैशाचं व्याज महिना दीड टक्का धरलं तर त्यावर वर्षाचे 18 हजार गेले. ते त्याने रेटमध्ये धरले, सळई महागली तर म्हणून थोडे वर. फार धरले तर काम दुसऱ्याला जातं, हा खरा वैताग.

त्याची पेन्सिल मात्र एकाच ओळीवर अडली: ‘मालकाचं समाधान झाल्यावर रिटेन्शन परत.’ आता समाधान कधी होतं बुवा? त्याने बदलून मागितलं: ‘ताब्यापासून 12 महिन्यांनी, राहिलेल्या दुरुस्तीचा खर्च वजा करून.’ शिवाय ताबापत्रावर सही आणि तारीख, नाहीतर ते वर्ष सुरूच होत नाही. मालक कबूल झाला, पण रेट पाच हजारांनी उतरवूनच!